मे महिन्यात तूप कमी का पडतं? म्हशीच्या दुधाचं फॅट, एसएनएफ आणि वर्षाचा हिशोब

आजचा विषय दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंच्या फोनवरून सुचला. ताई आजूबाजूच्या चार-पाच घरांतून म्हशीचं दूध घेतात, त्याचं दही लावतात, लोणी काढून तूप कढवतात आणि यवतमाळला देतात. फोनवर त्या म्हणाल्या, "सर, डिसेंबरात पंधरा लिटर दुधाला किलोभर तूप निघत होतं. आता मे महिन्यात अठरा लिटर लागतंय. दुधात कोणीतरी पाणी टाकतंय. एका घरावर माझा संशय आहे, उद्यापासून त्यांचं दूध बंद करते."

मी म्हटलं, ताई, दूध बंद करायच्या आधी पावत्या बघू. ताईंनी मागच्या वर्षी मशीन घेतलं होतं, त्यामुळे पावत्या होत्या. डिसेंबरात सगळ्या दुधाची सरासरी फॅट ७.६ आणि एसएनएफ ९.४ होती. मे महिन्यात फॅट ६.४ आणि एसएनएफ ८.९ होती. या चार आकड्यांतच ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. व्हिडिओत घाईघाईत सांगितलं गेलं, म्हणून इथे नीट लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी दोन आकडे समजून घ्या

फॅट म्हणजे दुधातली चरबी. तूप फक्त हिच्यातून येतं. एक किलो तुपात जवळजवळ एक किलो फॅटच असते.

एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात जे उरतं ते: प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. यातल्या प्रथिनांवर दही घट्ट लागतं.

आता ताईंचे आकडे परत बघा. डिसेंबर ते मे, फॅट ७.६ वरून ६.४ वर आली, म्हणजे जवळपास १६ टक्क्यांची घट. एसएनएफ ९.४ वरून ८.९ वर आली, म्हणजे घट फक्त ५ टक्क्यांची. दूध तेच, महिना तोच, पण तुपाचा कच्चा माल १६ टक्क्यांनी घटला आणि दह्याचा फक्त ५ टक्क्यांनी. आजच्या धड्यात एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. उन्हाळ्याचा फटका तुपाला जास्त बसतो, दह्याला कमी.

हे पाणी आहे की ऋतू?

पाणी घातलं की दुधातलं सगळंच सारख्या प्रमाणात पातळ होतं. फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकाच हिशोबाने खाली येतात. ताईंच्या दुधाची फॅट नुसत्या पाण्याने ७.६ वरून ६.४ वर आणायची तर शंभर लिटर दुधात जवळजवळ १९ लिटर पाणी टाकावं लागेल. मग एसएनएफसुद्धा ९.४ वरून ७.९ च्या आसपास यायला हवी. पावतीवर ती ८.९ आहे. म्हणजे ही घट एकट्या पाण्याने झालेली नाही.

मग कोणी साय काढून घेतली असेल का? साय काढली तर फॅट खाली येते, पण एसएनएफ कमी होत नाही, उलट किंचित वाढते. इथे एसएनएफ थोडी उतरली आहे. म्हणजे नुसती साय काढल्याचंही हे लक्षण नाही. फॅट बरीच खाली आणि एसएनएफ थोडी खाली, आणि तेही सगळ्याच घरांच्या दुधात, असं दिसलं की आधी ऋतूचा विचार करा.

पण कोणी थोडी साय काढून थोडं पाणी घातलं, तर आकडे असेच दिसू शकतात. म्हणून एकाच घरावर संशय असेल तर पावतीवर निकाल देऊ नका. सकाळी त्यांच्या गोठ्यात जा. आपल्यासमोर पूर्ण धार काढायला सांगा, सगळं दूध ढवळून नमुना घ्या आणि आपल्या मशीनवर लावा. समोर काढलेल्या दुधाची फॅट आणि एसएनएफ रोजच्याइतकीच आली, तर ते घर निर्दोष आहे. ताईंनी तेच केलं. गोठ्यातला नमुना ६.३ आणि ८.९ आला. दूध बंद झालं नाही आणि शेजारधर्मही टिकला.

गोठ्यात गेलात की अजून एक गोष्ट बघा. धारेचं शेवटचं दूध सगळ्यात जास्त फॅटचं असतं. शेवटची धार वगारीसाठी सोडत असतील, तर तुमच्याकडे आलेल्या दुधाची फॅट आपोआप कमी लागते. ही फसवणूक नाही, ते वगारीच्या पोटात गेलं आहे.

आणि ज्यांच्याकडे मशीन नाही, फक्त लॅक्टोमीटर आहे, त्यांच्यासाठी सूचना. बाजारात मिळणारा लॅक्टोमीटर बहुतेक २७ अंश तापमानासाठी असतो. मे महिन्यात आपल्याकडे सकाळचं ताजं दूधही ३४-३५ अंशांचं असतं. गरम दूध पातळ वाटतं आणि लॅक्टोमीटर खाली बुडतो. साधारण दर अंशाला ०.२ चा फरक पडतो, म्हणजे ३४ अंशांच्या दुधाचं रीडिंग जवळपास दीड अंशाने कमी येतं. यावरून कोणाला पाणीवाला ठरवू नका. दूध २७ अंशांवर आणा, फेस बसू द्या, मगच वाचा.

आपल्या जिल्ह्यात फॅट का बदलते?

म्हशीच्या दुधातली बरीचशी फॅट चाऱ्यातल्या तंतूपासून बनते. कडबा, गवत, कुटार हे पोटात कुजतं, त्यातून जे आम्ल तयार होतं त्याची कासेत फॅट बनते. म्हणजे जनावराने वैरण पोटभर खाल्ली आणि रवंथ नीट केला, तरच फॅट येते.

आता यवतमाळचा उन्हाळा आठवा. पारा ४४-४५ वर जातो. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. तिला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. मग ती पहिली गोष्ट काय करते, तर खाणं कमी करते, त्यातही वैरण जास्त सोडते, कारण वैरण पचवताना पोटात उष्णता तयार होते. वैरण कमी खाल्ली, फॅट कमी झाली. अंगाला ताकद कमी पडली की प्रथिनंही थोडी उतरतात, म्हणून एसएनएफ खाली येते. पण दुधातली साखर आणि क्षार फारसे हलत नाहीत, त्यामुळे एसएनएफची घसरण फॅटएवढी मोठी नसते.

पावसाळ्यात कारण वेगळं असतं. जुलै-ऑगस्टात बांधावरचं कोवळं हिरवं गवत पोटभर मिळतं, दूध वाढतं, पण त्या गवतात पाणी जास्त आणि तंतू कमी. म्हणून लिटर वाढले तरी फॅट खाली असते. हिवाळ्यात ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचं आणि तुरीचं कुटार, नवीन सरकी ढेप आणि थंड हवा असं सगळं एकत्र येतं, आणि आकडे वर जातात.

इथे एक गुंता आहे, तो सांगायलाच हवा. आपल्याकडे बऱ्याच म्हशी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात. म्हैस नुकती व्याली की चीक संपल्यावर दूध भरपूर असतं आणि फॅट तुलनेने कमी. आटत आली की दूध कमी आणि फॅट जास्त. म्हणजे सप्टेंबरात व्यालेली म्हैस मे महिन्यात आटण्याच्या बेतात असते, आणि उन्हाळा असूनही तिची फॅट वाढलेली दिसू शकते. घरी दोनच म्हशी असतील, तर तुमचे आकडे ताईंच्या आकड्यांच्या उलटही जातील. चार-पाच घरांचं दूध एकत्र केलं की ऋतूचा परिणाम स्पष्ट दिसतो. जातीचाही फरक आहे. आपली नागपुरी म्हैस, जिला वऱ्हाडी किंवा एलिचपुरी पण म्हणतात, दूध मुऱ्हापेक्षा कमी देते पण ऊन जास्त सहन करते. म्हणून दुसऱ्याचे आकडे घेऊ नका, स्वतःच्या वहीचे घ्या.

तुपाचा हिशोब, पायरी पायरीने

शंभर लिटर दूध धरू. एक लिटर दुधाचं वजन सुमारे १.०३ किलो, म्हणजे १०३ किलो दूध.

डिसेंबर: १०३ किलोचे ७.६ टक्के म्हणजे ७.८३ किलो फॅट. सगळी फॅट तुपात येत नाही. थोडी ताकात जाते, थोडी बेरीत राहते, थोडी भांड्याला लागते. ताईंची १०० पैकी ८७ भाग फॅट तुपात येत होती. म्हणजे ६.८ किलो तूप. एका किलोला १४.७ लिटर दूध.

मे: १०३ किलोचे ६.४ टक्के म्हणजे ६.५९ किलो फॅट. ८७ टक्क्यांनी तूप यायला हवं ५.७३ किलो, म्हणजे एका किलोला १७.४ लिटर. पण ताईंना लागत होते १८.३ लिटर. मग वरचे ०.९ लिटर कुठे गेले?

ते ताकात गेले. उन्हाळ्यात दही ३० अंशांच्या वर असतं. त्यात लोण्याचा गोळा बांधत नाही, लोणी मऊ पडून बारीक बारीक कण ताकातच राहतात. ताईंची ८७ ची वसुली ८३ वर आली होती. म्हणजे वाढलेल्या ३.६ लिटरपैकी २.७ लिटर ऋतूने नेले आणि ०.९ लिटर रवीखाली गेले. ऋतूवर आपला इलाज थोडा, पण रवीखालचं नुकसान आपल्या हातात आहे.

ओळखायचं कसं? घुसळून झालेल्या ताकाचा एक ग्लास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पिवळट-पांढरा कडक थर दिसला, तर ते तुमचं तूप आहे. उपाय साधा आहे. दही रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि पहाटे काढा. घुसळताना स्वच्छ पाण्याचा बर्फ किंवा बर्फाचं पाणी घाला, दही २० अंशांच्या खाली ठेवा. लोण्याचे दाणे दिसू लागले की अजून थोडं थंड पाणी घालून रवी हळू करा, म्हणजे गोळा बांधतो. हिवाळ्यात याच्या उलट होतं. म्हशीची फॅट कडक असते, लोणी लवकर सुटतच नाही, तेव्हा कोमट पाण्याचा हबका द्यावा लागतो.

वसुली दर महिन्याला काढा. निघालेलं तूप किलोत, भागिले दुधातली एकूण फॅट किलोत, गुणिले शंभर. फॅट कमी झाली तरी वसुली तीच राहिली पाहिजे. वसुली घसरली तर दोष दुधाचा नाही, आपल्या कामाचा आहे.

दह्याचा हिशोब वेगळा आहे

दह्यात आपण पाणी गाळून काढत नाही. शंभर किलो दुधाचं जवळपास शंभर किलो दही होतं, डिसेंबरातही आणि मे मध्येही. मग फरक कुठे पडतो? घट्टपणात. एसएनएफ कमी झाली की दही सैल लागतं, वाटी कलंडली की पाणी सुटतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं "दही पहिल्यासारखं नाही."

घट्टपणा परत आणायचे दोन रस्ते आहेत. पहिला, दूध आटवायचं. ८.९ एसएनएफचं शंभर किलो दूध ९.४ वर आणायचं तर ते ९४.७ किलो होईपर्यंत आटवावं लागेल, म्हणजे ५.३ किलो पाणी उडवावं लागेल. तेवढं दही कमी मिळेल आणि गॅस जास्त जळेल. दह्याची उन्हाळी घट म्हणतात ती हीच. दुसरा रस्ता, शंभर किलो दुधात सुमारे ६०० ग्रॅम चांगली स्किम्ड मिल्क पावडर घालायची. कोमट दुधात आधी वेगळी विरघळवा, मग सगळ्यात मिसळा, नाहीतर गुठळ्या राहतात. पॅक करून विकत असाल तर घटकांच्या यादीत पावडर लिहा. वीस किलो दूध असेल तर पावडर १२० ग्रॅम लागेल.

पण सैल दह्याचं कारण दर वेळी एसएनएफ नसतं. चव बघा. दही आंबट असून पाणी सुटलं, तर ते उष्णतेने जास्त आंबलं आहे. गोड असून सैल, तर घन पदार्थ कमी आहेत किंवा विरजण अशक्त आहे. मे महिन्यात घरातच ४० अंश असतात, त्यामुळे दही तीन-चार तासांत लागतं. रात्रभर बाहेर ठेवलं की सकाळी आंबटच मिळणार. दूध ८५-९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवून ४२ अंशांपर्यंत निववा, लिटरला १०-१५ ग्रॅम ताजं विरजण लावा, आणि दही लागलं की न हलवता लगेच थंडीत ठेवा. ही शिस्त पाळूनही दही सैल लागलं, तरच पावडरीकडे वळा.

मग वर्षाचं नियोजन कसं करायचं?

ताईंनी डिसेंबरात एका दुकानदाराशी वर्षभराचा तुपाचा एकच भाव ठरवला होता. हिशोबापुरता दुधाचा भाव ६० रुपये लिटर धरू. डिसेंबरात किलोभर तुपाला दूध लागलं ८८२ रुपयांचं, मे मध्ये १०९८ रुपयांचं. किलोमागे २१६ रुपयांचा फटका आणि भाव मात्र तोच. ताकाचे पैसे दोन्ही वेळा मिळतात, त्यामुळे ते इथे धरलेले नाहीत.

इथे मी ताईंना तीन बदल सुचवले.

एक, दूध लिटरवर न घेता फॅटवर घ्या. आपल्याकडे म्हशीच्या दुधाचा भाव ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरून सांगायची पद्धत आहेच. ७.६ फॅटला ६० रुपये दिले तर त्याच हिशोबाने ६.४ ला ५०.५० रुपये येतात. मग मे मधल्या किलोभर तुपाला दूध ९२४ रुपयांचं लागतं. फटका २१६ वरून ४२ रुपयांवर येतो, आणि ते ४२ रवीखालचे आहेत. पण एक बाजू विसरू नका. उन्हाळ्यात शेतकऱ्याला ढेप आणि वैरण महाग पडते, आणि तेव्हाच त्याचा लिटरचा भाव घसरतो. म्हणून खालचा भाव कितीपर्यंत जाईल ते आधीच बोलून ठेवा, आणि मोजमाप त्यांच्यासमोर करा. नाहीतर म्हशीचं दूध दुसऱ्याच्या दारात जाईल.

दोन, तूप हिवाळ्यात बनवा. महिन्याला दहा किलोची ऑर्डर असेल तर मे-जूनचं वीस किलो तूप जानेवारीतच कढवून ठेवा. जानेवारीत त्याला २९४ लिटर दूध लागेल, मे मध्ये ३६६ लागलं असतं. ७२ लिटर दूध वाचतं. मात्र तूप टिकलं पाहिजे. तडतड आवाज पूर्ण थांबेपर्यंत आणि बेरी तपकिरी होईपर्यंत कढवा. पाण्याचा अंश राहिला तर तूप खवट होतं. भांडं कोरडं हवं, काठोकाठ भरलेलं, घट्ट झाकणाचं आणि अंधारात ठेवलेलं.

तीन, उन्हाळ्याचं दूध दह्याकडे आणि ताकाकडे वळवा. लग्नसराईत मठ्ठ्याला मागणी असतेच, आणि त्या दुधात दह्याच्या मालाची घट फक्त ५ टक्क्यांची आहे. तुपासाठी वापरलं तर घट १६ टक्क्यांची आहे.

म्हशींना दुपारी सावली, अंगावर पाणी, आणि वैरण पहाटे व रात्री गारव्यात दिली, तर मे ची फॅट थोडी सावरते. पण ती डिसेंबरएवढी होईल अशी आशा धरू नका. नुसती सरकी ढेप वाढवूनही फॅट वाढत नाही. वैरण कमी आणि ढेप जास्त झाली तर पोट बिघडून फॅट अजून खाली जाऊ शकते.

आता तुमचं काम

एका वहीत रोज पाच रकाने भरा: दूध लिटर, फॅट, एसएनएफ, निघालेलं तूप, लावलेलं दही. प्रत्येक घराचं दूध वेगळं मोजा, महिन्याअखेर सरासरी आणि वसुली काढा. बारा महिन्यांनी ही वही तुम्हाला सांगेल की तुमच्या गावात तूप कोणत्या महिन्यात कढवायचं, आणि कोणत्या महिन्यात दुकानदाराला एकच भाव द्यायचा नाही. ताईंनी या जूनपासून वही सुरू केली आहे. पुढच्या भागात फॅटप्रमाणे दुधाचा दरतक्ता कसा तयार करायचा ते बघू.